सोलर आर्क: चाप काढण्यापासून तारीख ठरवण्यापर्यंत, आणि मध्ये कुठे चुकतं

सोलर आर्क हे कुंडलीवरून घटनांच्या तारखा काढायचं तंत्र, आणि त्याचं गणित एका ओळीत मावतं. जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचं एक वर्ष धरायचं, तेवढ्या दिवसांत रवी किती सरकला ते अंतर, म्हणजे चाप, काढायचं आणि तेवढंच अंतर कुंडलीतल्या प्रत्येक ग्रहात, लग्नात आणि दशमबिंदूत मिळवायचं. रवी जितका सरकला तितकाच चंद्र, तितकाच शनी. वक्री-मार्गी, शीघ्र-मंद असा भेद इथे नाही. इतकं सोपं असूनही उत्तरं वर्ष-दीड वर्षानं, कधी सहा-सात वर्षांनी चुकतात. दोष बहुतेक वेळा जन्मवेळ, दिवसांची मोजणी किंवा सायन-निरयनाची सरमिसळ यांत असतो, म्हणून खाली या तिन्हींना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक जन्म घेऊ: १ जानेवारी २०००, सायंकाळी ५:३०, सोलापूर. वेळ मुद्दाम निवडली आहे. त्या क्षणी ग्रीनिच वेळेनुसार बरोबर दुपारचे १२ वाजलेले असतात, आणि या क्षणाचे ग्रहस्पष्ट कुठल्याही चांगल्या पंचांगावरून किंवा सॉफ्टवेअरवरून ताडून पाहता येतात.

## १. तयारी: जन्मवेळ आणि ठिकाण

सोलापूरचे अक्षांश सुमारे १७°४०' उत्तर आणि रेखांश ७५°५५' पूर्व. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०' रेखांशाची. फरक ६°३५', म्हणजे सोलापूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे. ही २६ मिनिटं वजा करायची की नाही, यावर पहिला घोटाळा होतो. हाताने कुंडली मांडताना स्थानिक वेळ लागते, तिथे वजाबाकी करायचीच. सॉफ्टवेअर मात्र रेखांशावरून ती स्वतः करतं. तुम्ही आधी वजा करून ५:०४ भरलेत आणि वेळक्षेत्र +५:३० ठेवलंत, तर वजाबाकी दोनदा होते आणि दशमबिंदू जवळपास सात अंश मागे जातो. सोलर आर्कमध्ये सात अंश म्हणजे सात वर्षं.

गावांची यादी परदेशी सॉफ्टवेअरमध्ये बघत असाल, तर जुन्या स्पेलिंगने `Sholapur` असंही शोधा. सापडलं नाही तर अक्षांश-रेखांश हाताने भरा. जवळचं म्हणून पुणे निवडू नका. दोन शहरांच्या रेखांशात दोन अंशांहून जास्त फरक आहे.

सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधला जन्म असेल, तर युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे होती. तेव्हाची वेळ +६:३० ने भरायची. आजोबांच्या पिढीची कुंडली तपासताना हे हमखास विसरलं जातं.

वेळ कोणी सांगितली, हेही लिहून ठेवा. जन्मदाखल्यावर बहुधा तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याचं जुनं कार्ड सापडलं तर ते पहिलं. घरातली माणसं "भोंगा झाला आणि पोरगं झालं" असं सांगतात, तेव्हा कुठल्या मिलचा आणि कुठल्या पाळीचा भोंगा ते विचारा. भोंग्याची वेळ ठरलेली असायची, पण "झाला आणि" या शब्दांत पाच मिनिटंही मावतात आणि वीसही. "दिवेलागणीला" एवढंच कळत असेल, तर अर्ध्या तासाची अनिश्चितता धरा आणि तसं कागदावर लिहा. हा आकडा टप्पा ७ मध्ये लागणार आहे.

तपासा: कागदावर चार गोष्टी आहेत ना? घड्याळाची वेळ, वेळक्षेत्र, अक्षांश-रेखांश, आणि वेळेत किती मिनिटांची चूक असू शकते.

## २. सर्व बिंदू शून्य ते ३६० मध्ये लिहा

"धनु १६°३१'" या रूपात बेरीज-वजाबाकी करत बसलात की राशी ओलांडताना चूक होणारच. आधी सगळे भोगांश मेषारंभापासून मोजून लिहा. आपल्या उदाहरणाचे सायन भोगांश असे:

| बिंदू | जन्मस्थ भोगांश |
|---|---|
| रवी | २८०°२२' |
| चंद्र | २२३°१९' |
| बुध | २७१°५३' |
| शुक्र | २४१°३४' |
| मंगळ | ३२७°५८' |
| गुरू | २५°१५' |
| शनी (वक्री) | ४०°२४' |
| लग्न | ९३°५६' |
| दशमबिंदू | ३५६°०२' |

इथे सायन का, असा प्रश्न येणारच. सायन भोगांश वसंतसंपातापासून मोजतात, निरयन स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने, आणि दोन्हींतला फरक म्हणजे अयनांश. आपल्याकडे कुंडली निरयन मांडतात, त्यामुळे हे नीट समजून घ्या. चाप हा दोन भोगांशांमधला फरक आहे. दोन्हींतून तेच अयनांश वजा केले, तर फरक तोच राहतो. या जन्माचे लाहिरी अयनांश सुमारे २३°५१'. रवी निरयन २५६°३१' झाला, तरी पुढे २७ दिवसांत तो तेवढाच सरकतो. दोन ग्रहांमधलं अंतरही तेच राहतं. म्हणजे युती, प्रतियोग, केंद्रयोग यांच्या तारखा सायनात आणि निरयनात एकच येतात.

बदलतो तो राशिप्रवेश. सायन मंगळ ३२७°५८' वर आहे, तो दोन अंश सरकून वयाच्या दुसऱ्या वर्षीच मीनेत जातो. निरयन मंगळ ३०४°०७' वर, तो मीनेत पोचतो पंचविशी ओलांडल्यावर. म्हणून सोलर आर्कमध्ये "ग्रह अमुक राशीत गेला" यावर घटनेची तारीख टांगू नका. ग्रह-ग्रह आणि ग्रह-बिंदू योगांवरच काम करा.

धोका: जन्मस्थ ग्रह दाते पंचांगावरून निरयन घेतले आणि पुढचा रवी सॉफ्टवेअरमधून सायन घेतला, तर चापात जवळपास २४ अंश जास्त येतात. चाप वयापेक्षा वीस-पंचवीसने मोठा दिसला, की आधी हीच सरमिसळ शोधा.

## ३. चाप काढा

वय जितकी पूर्ण वर्षं, तितके दिवस जन्मतारखेत मिळवा. १ जानेवारी २०२७ ला वय २७ पूर्ण. १ जानेवारी २००० मध्ये २७ दिवस मिळवले की २८ जानेवारी २०००. जन्मदिवसाला "पहिला" धरून मोजलं, तर २७ तारीख येते आणि सगळं एक वर्षाने मागे पडतं. जन्मदिवस शून्य, हे पक्कं धरा.

आता २८ जानेवारी २००० चा रवी घ्यायचा, आणि तोही जन्माच्याच वेळेचा: सायंकाळी ५:३०. पंचांगातला स्पष्ट रवी कुठल्या वेळेचा आहे ते आधी वाचा. अनेक पंचांगांत तो पहाटे ५:३० चा असतो. जन्माचा रवी सायंकाळचा आणि २८ तारखेचा पहाटेचा घेतला, तर बारा तासांची, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक होते. आयुष्यात ते सहा महिने. दोन्ही दिवसांचा रवी पहाटे ५:३० चाच घेतला, तर मात्र फरक जवळपास बरोबर येतो, कारण रवीची गती एका दिवसात फारशी बदलत नाही. घाईत असाल तर हा मार्ग चालेल.

संगणकावर स्विस इफेमेरिस असेल, तर सगळ्या दिवसांचा रवी एकदम मिळतो:

```
swetest -b1.1.2000 -ut12:00 -p0 -fTPl -n31 -s1
```

यात रवीचे ३१ दिवसांचे सायन भोगांश दशांशात येतात. निरयन लाहिरी हवे असतील, तर शेवटी `-sid1` जोडा. वेळ ग्रीनिचची द्यायची हे विसरू नका. इथे ५:३० संध्याकाळ म्हणून १२:०० दिले आहेत.

२८ जानेवारीचा रवी ३०७°५२'. जन्माचा २८०°२२'. वजाबाकी २७°३०'. हा २७ पूर्ण वयाचा चाप.

वर्षाच्या मधली तारीख हवी असेल, तर एक महिना म्हणजे पंचांगातले दोन तास. या जन्मासाठी दोन तासांत रवी सुमारे ५ कला सरकतो. म्हणजे १ एप्रिल २०२७ साठी तीन महिन्यांच्या १५ कला वाढवा: २७°४५'.

"वर्षाला एक अंश" हा सरधोपट नियम का वापरू नये, ते इथेच दिसतं. सूर्य जानेवारीच्या सुरुवातीला दिवसाला सुमारे ६१ कला चालतो आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे ५७ कला. तीस वर्षं वयाचा चाप आपल्या जानेवारीतल्या जन्माला ३०°३३' येतो, तर १ जुलै २००० च्या जन्माला सुमारे २८°३८'. फरक १°५५', म्हणजे जवळपास दोन वर्षं. सर्वांना एकच गती, याचा अर्थ एका कुंडलीतल्या सर्व बिंदूंना एकच गती. सगळ्या माणसांना एकच गती असा तो नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये चापाचे तीन पर्याय असतात: खरा चाप, वर्षाला एक अंश, आणि ५९ कला ८ विकलांचा मध्यम चाप. खरा निवडा आणि सेटिंग एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

तपासा: चाप आणि वय यांत तिशीपर्यंत दीड अंशापेक्षा जास्त फरक पडला, तर गणित पुन्हा करा. हिवाळ्यातल्या जन्माला चाप वयापेक्षा किंचित मोठा यायला हवा, मे ते ऑगस्टमधल्या जन्माला लहान.

## ४. चाप सर्वांत मिळवा

| बिंदू | जन्मस्थ | २७°३०' मिळवून |
|---|---|---|
| रवी | २८०°२२' | ३०७°५२' |
| चंद्र | २२३°१९' | २५०°४९' |
| बुध | २७१°५३' | २९९°२३' |
| शुक्र | २४१°३४' | २६९°०४' |
| मंगळ | ३२७°५८' | ३५५°२८' |
| गुरू | २५°१५' | ५२°४५' |
| शनी | ४०°२४' | ६७°५४' |
| लग्न | ९३°५६' | १२१°२६' |
| दशमबिंदू | ३५६°०२' | २३°३२' |

दशमबिंदूची बेरीज ३८३°३२' आली, ३६० वजा केले. ६० कलांचा एक अंश होतो, हे बेरजेत विसरून ५२ आणि ३० चे ८२ तसेच ठेवणारे खूप जण आहेत.

शनी जन्मतः वक्री आहे. म्हणून चाप वजा करायचा का? नाही. सोलर आर्कमध्ये वक्री ग्रहही पुढेच जातो. सेकंडरी प्रोग्रेशनमध्ये ग्रह आपल्या खऱ्या गतीने चालतो, तिथे हा शनी २७ वर्षांत एक अंशही हलत नाही आणि चंद्र जवळजवळ पूर्ण फेरी मारतो. दोन तंत्रांतला आकड्यातला फरक हाच. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका. विशेषतः चंद्र. प्रोग्रेस्ड चंद्र घेऊन बाकीचे सोलर आर्कचे ग्रह लावलेले तक्ते नेहमी दिसतात.

तपासा: सरकवलेल्या कुठल्याही दोन ग्रहांमधलं अंतर जन्मावेळी होतं तेवढंच असलं पाहिजे. मंगळ-गुरू अंतर जन्मावेळी ५७°१७', सरकवल्यावरही ५७°१७'. जुळलं नाही तर बेरजेत चूक आहे. याच कारणाने सरकवलेल्या ग्रहांचे आपापसातले योग बघायचे नसतात. ते जन्माचेच योग आहेत, त्यात नवीन काही नाही.

## ५. योग शोधा: सरकवलेला ग्रह विरुद्ध जन्मस्थ बिंदू

एका स्तंभात सरकवलेले, दुसऱ्यात जन्मस्थ. बघायचे योग मोजके: युती म्हणजे ०° अंतर, प्रतियोग १८०°, केंद्रयोग ९०°. सवय झाल्यावर ४५° आणि १३५° घ्या. १२०° चा नवपंचम आणि ६०° चा त्रिएकादश हे योग घटनेची तारीख ठरवण्यासाठी आम्ही जवळजवळ वापरत नाही. ते घेतले की यादी दुप्पट होते आणि दर वर्षी काहीतरी "लागतंच".

दीप्तांश, म्हणजे योग किती अंशांच्या फरकापर्यंत धरायचा ती मर्यादा, एक अंश. जन्मकुंडलीतले सहा-आठ अंशांचे दीप्तांश इथे आणलेत, तर प्रत्येक योग बारा-सोळा वर्षं चालू राहील आणि तारीख काढण्याला अर्थ उरणार नाही.

प्रत्येक जोडीचं अंतर काढत बसण्यापेक्षा सर्व भोगांशांना ९० ने भागून बाकी लिहा. बाकी सारखी आली, की युती, केंद्र किंवा प्रतियोग यांपैकी एक आहे, कुठला ते नंतर बघा. सरकवलेल्या मंगळाची बाकी ८५°२८', जन्मस्थ दशमबिंदूची ८६°०२'. जवळ आले, म्हणजे योग आहे. सरकवलेल्या दशमबिंदूची बाकी २३°३२', गुरूची २५°१५', तो थोडा लांब. सरकवलेल्या रवीची ३७°५२', शनीची ४०°२४', तो आणखी लांब.

## ६. तारीख काढा

मंगळाला दशमबिंदू गाठायला ३४ कला उरल्या आहेत. महिन्याला ५ कला धरल्या, तर पावणेसात-सात महिने. १ जानेवारी २०२७ पासून मोजलं की जुलै २०२७ चा उत्तरार्ध.

दशमबिंदूला गुरू गाठायला १°४३', म्हणजे १०३ कला, सुमारे वीस महिने: सप्टेंबर २०२८.

रवीला शनीशी केंद्रयोग पूर्ण व्हायला २°३२', म्हणजे १५२ कला, तीस महिने: २०२९ चा मध्य.

शेवटचा योग जरा थांबून बघण्यासारखा आहे. जन्मावेळी रवी-शनी १२०°०२' अंतरावर, म्हणजे अगदी नेमका नवपंचम. चाप तीस अंशांचा झाला की रवी शनीकडे तीस अंश सरकतो आणि नवपंचमाचा केंद्रयोग होतो. सगळे बिंदू एकाच गतीने जात असल्याने जन्मकुंडलीतल्या प्रत्येक अंतरातच पुढची तारीख लिहिलेली असते: हवं असलेलं अंतर आणि जन्माचं अंतर यांतला फरक, बस. संपूर्ण आयुष्याची यादी एका बैठकीत करता येते ती याच कारणाने. लागणारा चाप आधी काढा, मग तो कुठल्या वयाला येतो ते रवीच्या तक्त्यावरून वाचा.

धोका: कलांचे महिने करताना १२ ने नाही, त्या जन्माच्या मासिक गतीने भागायचं. जानेवारीच्या जन्माला ती ५ कलांपेक्षा किंचित जास्त, जुलैच्या जन्माला सुमारे पावणेपाच.

## ७. जन्मवेळेची चूक तारखेत किती उतरते

हा टप्पा वगळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. वर काढलेल्या तीन तारखा सारख्याच पक्क्या दिसतात, पण त्या तशा नाहीत.

रवी आणि शनी चार मिनिटांत जवळपास हलत नाहीत. रवी सरकतो सुमारे दहा विकला. म्हणून जन्मवेळ अर्धा तास चुकली, तरी २०२९ चा मध्य हा अंदाज टिकतो. दशमबिंदू मात्र चार मिनिटांत या कुंडलीत १°०५' सरकतो. चार मिनिटांना तेरा महिने! "दिवेलागणी"च्या अर्ध्या तासाच्या अनिश्चिततेत दशमबिंदूचे योग आठ वर्षांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतात. अशा वेळी ती तारीख सांगूच नका.

आता दिशा बघा. समजा, खरी जन्मवेळ ५:३४ होती. दशमबिंदू ३५६°०२' नसून ३५७°०७' झाला.

मंगळाला आता जास्त अंतर कापायचं आहे, म्हणून मंगळ-दशम युती जुलै २०२७ वरून ऑगस्ट २०२८ ला गेली. दशमबिंदूला मात्र गुरू गाठायला कमी अंतर उरलं, म्हणून दशम-गुरू युती सप्टेंबर २०२८ वरून ऑगस्ट २०२७ ला आली. एक पुढे गेला, दुसरा मागे आला. बिंदू स्थिर असून ग्रह त्याच्याकडे येतो की बिंदू चालत ग्रहाकडे जातो, यावर हे ठरतं.

जन्मवेळ सुधारायला याचा थेट उपयोग होतो. या कुंडलीत दोन जुने योग घ्या. शुक्र ते दशम केंद्रयोग: चाप २४°२८', तारीख जानेवारी २०२४ च्या आसपास. दशम ते रवी केंद्रयोग: चाप १४°२०', जानेवारी २०१४ च्या आसपास. जातकाला विचारलं आणि शुक्राशी जुळणारी घटना, म्हणजे लग्न, साखरपुडा किंवा कामात चारचौघांत नाव होणं, २०२५ च्या सुरुवातीला निघाली. वर्षभर उशीर. वेळ चार मिनिटं पुढे हवी असेल, तर रवीची घटना वर्षभर लवकर, २०१३ च्या सुरुवातीला सापडली पाहिजे. सापडली तर दुरुस्तीला आधार आहे. रवीची घटनाही वर्षभर उशिरा, २०१५ मध्ये सापडली, तर चूक जन्मवेळेत नाही. तेव्हा टप्पा ३ कडे परत जा: दिवस मोजण्यात एकाची चूक झाली आहे का ते बघा.

एका घटनेवरून वेळ कधीच हलवू नका. कुठलीही एक घटना कुठल्या ना कुठल्या योगाशी जुळवता येते. किमान तीन घटना हव्यात, आणि त्यांत दोन्ही दिशांचे योग हवेत.

तपासा: यादीतल्या प्रत्येक योगापुढे खूण करा. ग्रह-ग्रह: पक्की. ग्रह-दशम किंवा ग्रह-लग्न: वेळेवर अवलंबून. चंद्राचे योग मधले, कारण चंद्र तासाला अर्ध्या अंशाच्या आसपास चालतो. वेळ अर्धा तास चुकली तर तीन-चार महिन्यांचा फरक.

## ८. वाचन: जन्मकुंडलीत आहे तेवढंच

मंगळ-दशम युती म्हणजे "नोकरी जाणार" किंवा "बढती मिळणार" असं एका ओळीत सांगणं चुकीचं. मंगळ जन्मावेळी कोणाशी बांधलेला आहे, ते आधी बघा. इथे तो गुरूशी त्रिएकादशात (५७°१७') आणि शुक्राशी सैलसर केंद्रयोगात (८६°२४') आहे. सरकताना तो हे दोन्ही धागे घेऊन सरकतो. परंपरेच्या भाषेत दशमावर मंगळ म्हणजे कामात अंगावर घ्यावी लागणारी धडाडी, वरिष्ठांशी खटका, यंत्र-जमीन-बांधकामाचा संबंध. गुरूचा धागा वाढीच्या बाजूला ओढतो, शुक्राचा पैसा आणि नात्यांतली ताणाताण आणतो. यापलीकडे तपशील सोलर आर्क देत नाही.

भावाधिपत्य लावायचं असेल, तर एकच पद्धत धरा. हीच कुंडली सायनात कर्क लग्नाची आहे आणि निरयनात मिथुन लग्नाची. मंगळ पहिल्यात पंचम-दशमाचा स्वामी, दुसऱ्यात षष्ठ-एकादशाचा. एकातला स्वामी आणि दुसऱ्यातला भाव घेतला की हवं ते सिद्ध करता येतं.

मग दशेशी ताडा. निरयन चंद्र तुळेच्या १९°२८' वर, स्वातीच्या शेवटी. राहूची दशा जन्मानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत संपते, नंतर गुरूची सोळा वर्षं, आणि २०१६ पासून २०३५ पर्यंत शनी. म्हणजे २०२९ मधला रवी-शनी केंद्रयोग शनीच्याच महादशेत येतो. दोन स्वतंत्र गणितं एकाच ग्रहाकडे बोट दाखवतात आणि तारीखही जन्मवेळेवर फारशी अवलंबून नाही, त्यामुळे तिघांत वजन याला सर्वांत जास्त द्यायचं. मूळ योग नवपंचम असल्याने त्याचं वाचन जबाबदारी वाढणं, अधिकाराबरोबर ओझं येणं या दिशेने करतात, कोसळण्याच्या दिशेने नाही. मंगळ-दशम योग दिसायला जोरदार, पण वेळ मिनिटापर्यंत पक्की नसेल तर तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

गोचर शेवटी. सोलर आर्क वर्ष सांगतो, जास्तीत जास्त त्याचा अर्धा भाग. महिना हवा असेल, तर त्या पट्ट्यात गोचरीचा शनी, गुरू किंवा मंगळ त्याच अंशावर कधी येतो ते बघतात. उलट क्रमाने, म्हणजे आधी गोचर बघून मग त्याला साजेसा चाप शोधला, तर नेहमीच काहीतरी सापडतं.

हे सगळं ज्योतिषपरंपरेतलं वाचन आहे, प्रयोगाने सिद्ध झालेलं शास्त्र नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलणं किंवा प्लॉटचा व्यवहार मोडणं असे निर्णय या तारखांवर टाकू नयेत, आणि समोरच्याने टाकायला घेतले तर तिथेच थांबवावं.

## ९. नोंद कशी ठेवायची

प्रत्येक योगाची एक ओळ: सरकवलेला बिंदू, योग, जन्मस्थ बिंदू, लागणारा चाप, तारीख, वेळेवर अवलंबून आहे की नाही, आणि शेवटी रिकामी जागा. तारखेच्या आधी वर्षभर आणि नंतर वर्षभर काय घडलं ते या रिकाम्या जागेत भरायचं. काहीच घडलं नाही, तर "काही नाही" असंच लिहायचं. दीप्तांश मागाहून दोन-अडीच अंशांपर्यंत ताणून लांबची घटना आत ओढायची नाही.

मागच्या घटना विचारताना आधी तुमची तारीख सांगू नका. "२०२० च्या दिवाळीच्या सुमारास काही झालं का" असं विचारलंत, की माणूस आठवून काहीतरी देतोच. आधी त्याच्याकडून सात-आठ मोठ्या घटना तारखेसह लिहून घ्या, आणि मगच यादी उघडा. या कुंडलीत शनी-शुक्र प्रतियोग चाप २१°१०' ला, ऑक्टोबर २०२० मध्ये आहे, आणि तो जन्मवेळेवर अवलंबून नाही. त्याच्या यादीत त्या सुमारास शनी-शुक्राशी जुळणारं काहीच नसेल, तर जन्मवेळ हलवून तो योग वाचवता येत नाही. ती ओळ रिकामीच सोडायची.